लिंकांची यादी उघडली की ‘येथे क्लिक करा’चे काय होते

डोळ्यांनी पान वाचणारा माणूस आधी त्यावर नजर फिरवतो. अधोरेखित शब्दांवर नजर आपोआप अडकते आणि त्यांच्या मागेपुढे काय लिहिले आहे तेही त्याच क्षणी दिसते. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर ऐकणाऱ्याला एका वेळी एकच ओळ मिळते. पान लांबलचक असेल आणि त्याला फक्त एक अर्ज हवा असेल, तर अख्खे पान ऐकत बसण्यात अर्थ नसतो. म्हणून जवळपास प्रत्येक स्क्रीन रीडरमध्ये पानावरच्या सगळ्या लिंका उपसून एका यादीत किंवा एका ओळीत मांडण्याची सोय असते.

लिहिणाऱ्याने लक्षात घ्यायची गोष्ट एवढीच, की या यादीत फक्त लिंकचे शब्द येतात. ज्या वाक्यात तुम्ही ती लिंक बसवली ते वाक्य, वरचे शीर्षक, शेजारचे चित्र हे सगळे पानावरच राहते. त्यामुळे पानावर चांगली वाचली जाणारी लिंक यादीत आल्यावर अनाथ होऊ शकते.

यादी कशी उघडते

विंडोजवर सर्वांत सोपी वाट एनव्हीडीए या स्क्रीन रीडरची. तो फुकट मिळतो, त्यामुळे तपासणीसाठी लेखकांनीही तोच वापरावा. ब्राउझरमध्ये पान उघडून `Insert + F7` दाबले की ‘Elements List’ नावाची छोटी खिडकी उघडते. (एनव्हीडीएची खास कळ मूळची Insert असते. सेटिंगमध्ये ती Caps Lock सुद्धा करता येते.) खिडकीत वर प्रकार निवडायचा असतो: लिंका, शीर्षके, फॉर्मचे रकाने, बटणे, पानाचे विभाग. लिंकांसाठी `Alt + K`. खाली यादी असते आणि तिच्यात वर-खाली बाणांनी फिरायचे. हवी ती लिंक सापडली की दोन पर्याय असतात: ‘Activate’ म्हणजे थेट ती लिंक उघडणे आणि ‘Move to’ म्हणजे पानावर ती लिंक जिथे आहे तिथे जाऊन थांबणे.

या खिडकीत शोधण्याचे दोन मार्ग आहेत आणि त्यांच्यातला फरक पुढे कामाला येणार आहे. यादीवर असताना अक्षरे टाइप केली, तर त्या अक्षरांनी *सुरू होणाऱ्या* लिंकवर उडी बसते. ‘Filter by’ या रकान्यात जाऊन टाइप केले, तर ते शब्द लिंकमध्ये *कुठेही* असले तरी चालतात आणि बाकीच्या नोंदी यादीतून गळतात.

जॉज या दुसऱ्या स्क्रीन रीडरमध्येही `Insert + F7` हीच जोडी आहे, पण उघडणारी यादी फक्त लिंकांची असते. तिथे क्रम बदलता येतो, पानावरच्या क्रमाने किंवा अक्षरक्रमाने. शिवाय फक्त पाहिलेल्या किंवा फक्त न पाहिलेल्या लिंका दाखवता येतात. विंडोजच्या स्वतःच्या नॅरेटरमध्ये नॅरेटरची कळ आणि `F7`. मॅकवर व्हॉइसओव्हर चालू असताना `Control + Option + U` दाबले की रोटर उघडतो. डाव्या-उजव्या बाणांनी लिंकांच्या यादीपर्यंत जायचे, मग वर-खाली फिरायचे. टाइप करू लागले की यादी तिथेही आखडत जाते.

फोनवर अशी खिडकी उघडत नाही. आयफोनवर दोन बोटे चकती फिरवल्यासारखी फिरवून रोटरमध्ये ‘लिंका’ निवडायच्या आणि मग एका बोटाने वर किंवा खाली सरकवत एकेका लिंकवर जायचे. अँड्रॉइडच्या टॉकबॅकमध्ये तीन बोटांनी वर-खाली सरकवून लिंकांचा पर्याय आणायचा आणि मग एका बोटाने तसेच पुढे जायचे. दिसायला यादी नसली तरी कानाला येते ते तेच: एकामागून एक लिंकांचे शब्द, मधला मजकूर गाळून. संगणकावर एनव्हीडीए आणि नॅरेटरमध्ये नुसती `K` दाबत गेले तरी हेच होते.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. अनोळखी लांब पानावर माहिती शोधताना बहुतेक लोक आधी शीर्षकांवरून फिरतात, लिंकांच्या यादीवरून नाही. वेबएम या संस्थेच्या स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांच्या पाहण्यांत हे वर्षानुवर्षे दिसत आले आहे. यादी उपयोगी पडते ती काय हवे ते आधीच माहीत असते तेव्हा. ‘इथे कुठेतरी अर्जाची लिंक असणार’ एवढे ठाऊक असलेला माणूस यादी उघडतो. म्हणजे तो घाईत असतो आणि त्याच्या मनात एक शब्द तयार असतो. तो शब्द तुमच्या लिंकमध्ये आहे का, हा खरा प्रश्न आहे.

एक पान यादीत टाकून पाहू

समजा, एका ग्रंथालयाच्या सभासदत्वाच्या पानावर हा परिच्छेद आहे. चौकटी कंसात लिंक आहे असे समजा.

```text
ग्रंथालयाचे सभासद होण्यासाठी [येथे क्लिक करा].
अर्ज भरण्यापूर्वी नियम वाचणे आवश्यक असून ते
[येथे] पाहता येतील. सोबत जोडावयाच्या
कागदपत्रांची यादी [डाउनलोड करा]. वर्गणीच्या
माहितीसाठी [येथे क्लिक करा]. पुस्तकांच्या
यादीसाठी [https://example.org/%E0%A4%AA%E0...]
```

त्याखाली तीन बातम्या आहेत. प्रत्येकीत एक छायाचित्र, एक मथळा आणि ‘अधिक वाचा’, आणि या तिन्हींवर त्या बातमीच्याच पानाची लिंक. यादी उघडल्यावर कानावर येते ते असे:

```text
येथे क्लिक करा
येथे
डाउनलोड करा
येथे क्लिक करा
https://example.org/%E0%A4%AA%E0...
IMG_2041
वार्षिक वर्गणीचे नवे दर
अधिक वाचा
IMG_2057
बालविभागाची वेळ बदलली
अधिक वाचा
IMG_2060
दुर्मिळ पुस्तकांचे प्रदर्शन
अधिक वाचा
```

चौदा नोंदी, आणि त्यांतल्या फक्त तीन काहीतरी सांगतात. त्या तीनही बातम्यांच्या आहेत. सभासद होऊ पाहणाऱ्याला जे हवे ते पहिल्या पाचांत आहे, पण कशात ते कळायला मार्ग नाही. तो ‘Filter by’मध्ये ‘अर्ज’ टाइप करील तर यादी रिकामी होईल. ‘सभासद’ टाइप केले तरी रिकामी. अर्ज या पानावर नाहीच असे समजून तो निघून जाईल, आणि त्याचे चुकणार नाही.

अर्थात तो अगदीच अडत नाही. पहिल्या ‘येथे क्लिक करा’वर येऊन ‘Move to’ दाबायचे, पानावर गेले की चालू ओळ वाचून घ्यायची, नको असेल तर पुन्हा यादी उघडायची आणि दुसरी नोंद पाहायची. चालते, पण पाच लिंकांसाठी हा फेरा पाच वेळा. यादी वेळ वाचवण्यासाठी उघडली होती.

मराठीत ही गोची विशेष जाचते, कारण आपले वाक्य क्रियापदावर संपते. ‘सभासद होण्यासाठी येथे क्लिक करा’ यात अर्थाचे शब्द सगळे आधी येतात आणि लिंक बसते ती शेपटीवर, म्हणजे वाक्याच्या सर्वांत पोकळ भागावर. सवयीने शेवटचे तीन शब्द निवडून लिंक लावली जाते. उपाय हाताशीच आहे: लिंक आधीच्या शब्दांवर लावा आणि शेपटी काढून टाका.

चित्र, मथळा आणि ‘अधिक वाचा’

‘IMG_2041’ कुठून आले? चित्रावर लिंक आहे आणि चित्राऐवजी वाचला जाणारा पर्यायी मजकूर दिलेला नाही. स्क्रीन रीडरला लिंकचे नाव सांगणे भाग असते. काहीच सापडले नाही, तर तो फाइलच्या नावातून किंवा पत्त्याच्या शेवटच्या तुकड्यातून काहीतरी उचलतो. कॅमेऱ्याने दिलेले फाइलनाव असे थेट वाचकाच्या कानात जाते.

अनेक जण इथे चित्राला पर्यायी मजकूर लिहून मोकळे होतात. त्याने आवाज सुधारतो, पण यादीत एका बातमीच्या तीन नोंदी राहतातच. बरा मार्ग म्हणजे चित्र आणि मथळा एकाच लिंकमध्ये घ्यायचे, चित्राचा पर्यायी मजकूर मुद्दाम रिकामा ठेवायचा आणि ‘अधिक वाचा’ काढून टाकायचे.

```html
<a href="/batmya/vargani">
  <img src="IMG_2041.jpg" alt="">
  वार्षिक वर्गणीचे नवे दर
</a>
```

इथे `alt=""` चालते ते लिंकमध्ये मथळ्याचे शब्द आहेत म्हणून. मथळा बाहेर राहिला आणि लिंकमध्ये नुसते चित्र उरले, तर रिकाम्या पर्यायी मजकुराने लिंकच निनावी होईल. ही चूक वरवर पाहता मागच्या चुकीची दुरुस्ती वाटते, म्हणून ती पुनःपुन्हा होते.

उलट टोकही टाळा. पूर्ण चौकटच लिंक करायची म्हणून मथळा, तारीख, चार ओळींचा सारांश आणि लेखकाचे नाव हे सगळे एका लिंकमध्ये गुंडाळले, तर यादीतली एक नोंद परिच्छेदाएवढी होते. ऐकणारा पहिल्या दोन-तीन शब्दांनंतर खालचा बाण दाबून पुढे जातो, आणि तेच शब्द तारखेचे असतील तर मथळा त्याला ऐकूच येत नाही.

‘अधिक वाचा’ ठेवणे भागच असेल, समजा आराखडा बदलणे तुमच्या हातात नाही, तर कोड पाहणाऱ्याला सांगून त्याला मथळा जोडून घेता येतो:

```html
<h3 id="m1">वार्षिक वर्गणीचे नवे दर</h3>
<a id="l1" aria-labelledby="l1 m1"
   href="/batmya/vargani">अधिक वाचा</a>
```

आता यादीत ‘अधिक वाचा वार्षिक वर्गणीचे नवे दर’ असे येते. दिसणारे शब्द आधी ठेवले आहेत ते कारणाने. आवाजाने संगणक चालवणारा माणूस पडद्यावर दिसते तेच म्हणतो, ‘अधिक वाचा’. लिंकच्या आतल्या नावात ते शब्द नसतील, तर त्याची आज्ञा फुकट जाते. तरीही ही ठिगळाची वाट आहे. सगळ्या नोंदी ‘अधिक वाचा’नेच सुरू होतात, आणि सुरुवात ऐकून पुढे जाणाऱ्याला प्रत्येक वेळी तेवढे थांबावे लागते.

`aria-label` लिहून लिंकला न दिसणारे वेगळे नाव देणे हा मार्ग शेवटी ठेवा. हे नाव पडद्यावर दिसत नाही, त्यामुळे सहा महिन्यांनी कोणी मजकूर बदलला तरी आतले जुने नाव तसेच राहते. पाहणारा ‘नवे दर’ वाचतो आणि ऐकणारा मागच्या वर्षीचे काहीतरी ऐकतो. आणि लिंकच्या कोडमधल्या `title`वर भिस्त ठेवू नका. लिंकला दुसरे नाव असले की `title` बाजूला पडते, यादीत त्यातले काही येत नाही.

प्रत्यय लिंकबाहेर राहिला तर

ही अडचण मराठीची स्वतःची आहे आणि इंग्रजीतून आलेल्या सूचनांत ती सापडत नाही. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात आणि चिकटताना शब्दाचे रूप बदलतात. ‘सभासद अर्जासाठी दोन छायाचित्रे लागतील’ या वाक्यात लिंक कुठे लावाल? पुष्कळ जण ‘सभासद अर्जा’ एवढेच निवडतात आणि ‘साठी’ सोडतात, कारण मनात ‘अर्ज’ हा शब्द असतो. यादीत नोंद येते: ‘सभासद अर्जा’. अर्धवट उच्चार, जणू कोणी बोलता बोलता थांबले.

याहून वाईट म्हणजे मात्राच तुटणे:

```html
<a href="/niyam">नियम</a>ांची माहिती
```

‘नियम’ आत राहिले, ‘ांची’ बाहेर पडले. यादीत ‘नियम’ नीट येते, पण पान सलग ऐकताना ‘लिंक, नियम’ आणि मग एक बिनबुडाचा स्वर असा तुकडा पडतो. काही ठिकाणी पडद्यावरही मात्रा ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेली दिसते. हाताने कोड लिहिताना किंवा शब्द शोधून आपोआप लिंक लावणाऱ्या सोयीमुळे असे होते.

नियम साधा ठेवा: लिंक पूर्ण शब्दावर संपली पाहिजे, प्रत्ययासकट. ‘सभासद अर्जासाठी’ ही नोंद चालेल. त्याहून बरे म्हणजे वाक्य असे फिरवणे, की लिंकमधला शब्द मूळ रूपात येईल: ‘सभासद अर्ज भरताना दोन छायाचित्रे जवळ ठेवा’. मग लिंक ‘सभासद अर्ज’ एवढ्यावर बसते आणि यादीत ते एखाद्या फाइलच्या नावासारखे स्वच्छ वाचले जाते. थोडे वाक्य वाकवावे लागते, पण प्रत्येक वेळी जमते.

पहिले दोन शब्द

यादीत बाणाने खाली जाणारा माणूस नोंद शेवटपर्यंत ऐकत नाही. सुरुवात कानावर पडली आणि ती नको असली की तो पुढचा बाण दाबतो आणि आवाज तिथेच तुटतो. म्हणून लिंका वेगळ्या ओळखू यायला हव्यात त्या सुरुवातीच्या शब्दांनी.

इथे मराठी आपल्या बाजूने आहे. आपली विशेषणे आणि संबंधदर्शक शब्द नामाच्या आधी येतात, त्यामुळे वेगळेपणा सांगणारा शब्द सहजच पुढे असतो: ‘सभासद अर्ज’, ‘वर्गणीचे दर’, ‘बालविभागाची वेळ’. घात होतो तो प्रत्येक लिंकला एकच शेपूट पुढून लावले की. ‘ग्रंथालयाच्या सभासदत्वाचा अर्ज’, ‘ग्रंथालयाच्या वर्गणीचे दर’, ‘ग्रंथालयाच्या बालविभागाची वेळ’. पान ग्रंथालयाचेच आहे, तो शब्द काढला तर काही हरवत नाही. परिपत्रकी भाषेतले मथळे याच कारणाने यादीत असह्य होतात. ‘सन २०२४-२५ या वर्षाकरिता…’ने सुरू होणाऱ्या वीस नोंदी ऐकून बघा. वर्ष शेवटी न्या, विषय पुढे आणा.

टाइप करून शोधण्याचीही एक अडचण आहे. यादीत पहिल्या अक्षराने उडी मारायची, तर कळफलक मराठीवर असायला हवा. अनेकांचा तो इंग्रजीवर असतो, आणि दर वेळी `Windows + Space` दाबून बदलण्यापेक्षा ते बाणांनीच फिरतात. म्हणजे मराठी पानावर पहिल्या दोन शब्दांचे वजन आणखी वाढते. याच कारणाने एकाच गोष्टीला पानावर कधी ‘फॉर्म’, कधी ‘अर्ज’, कधी ‘Form’ म्हणू नका. फिल्टरमध्ये ‘अर्ज’ टाइप करणाऱ्याला ‘फॉर्म’ सापडणार नाही.

लिपीबद्दल आणखी एक बारीक गोष्ट. पानाच्या मजकुरात शब्द कोणत्या भाषेतला ते `lang` लावून सांगता येते आणि स्क्रीन रीडर त्याप्रमाणे आवाज बदलू शकतो. पण लिंकांची यादी ही पानाचा भाग नाही, ती स्क्रीन रीडरची स्वतःची खिडकी आहे. तिच्यात येताना भाषेची ही खूण साधारणपणे गळते आणि सगळ्या नोंदी चालू असलेल्या एकाच आवाजात वाचल्या जातात. म्हणून एकाच लिंकमध्ये देवनागरी आणि रोमन यांची सरमिसळ शक्यतो करू नका. ‘Membership अर्ज’पेक्षा ‘सभासद अर्ज’ कानाला कधीही सोपा.

उघडा पत्ता

पानाचा पत्ता लिंकचा मजकूर म्हणून तसाच चिकटवणे इंग्रजीत कंटाळवाणे असते, मराठीत शिक्षा असते. ब्राउझरच्या पट्टीतून मराठी शब्द असलेला पत्ता कॉपी केला की तो बहुधा सांकेतिक रूपात चिकटतो. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे, आणि एकेक बाइट `%` आणि दोन अक्षरे असा लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला नऊ अक्षरे. ‘पुस्तके’ या शब्दात प, उकार, स, हलन्त, त, क आणि एकार मिळून सात चिन्हे आहेत. पत्त्यात तो शब्द ६३ अक्षरांचा होतो:

```text
%E0%A4%AA%E0%A5%81%E0%A4%B8%E0%A5%8D
%E0%A4%A4%E0%A4%95%E0%A5%87
```

‘टक्के ई झिरो टक्के ए फोर…’ असे हे ऐकावे लागते. लिंकचा मजकूर ‘पुस्तकांची यादी’ करा, पत्ता `href`मध्ये राहू द्या. पान छापून वाटायचे असेल आणि पत्ता दिसायलाच हवा असेल, तर एक छोटा पत्ता तयार करून घ्या आणि तो लिंकच्या बाहेर साधा मजकूर म्हणून छापा.

तोच परिच्छेद, पुन्हा

```text
आधी [सभासदत्वाचे नियम] वाचून घ्या. नंतर
[सभासद अर्ज] भरा. [अर्जासोबतची कागदपत्रे,
पीडीएफ, २ पाने] जवळ ठेवली की अर्ज एका
बैठकीत होतो. [वर्गणी आणि अनामत] किती ते
अर्ज पाठवण्यापूर्वी पाहा. सभासद नसलात तरी
[पुस्तकांची यादी] चाळता येते.
```

यादीत आता आठच नोंदी उरतात: या पाच आणि बातम्यांचे तीन मथळे. ‘Filter by’मध्ये ‘अर्ज’ टाइप केले तर ‘सभासद अर्ज’ आणि ‘अर्जासोबतची कागदपत्रे’ अशा दोन नोंदी येतात, दोन्ही कामाच्या.

कागदपत्रांच्या लिंकमध्ये ‘पीडीएफ, २ पाने’ मुद्दाम आत घेतले आहे. बाहेर ठेवले असते तर यादीतून ते गळले असते आणि उघडल्यावर वेबपानाऐवजी अनपेक्षितपणे पीडीएफ समोर आली असती. नव्या खिडकीत उघडणाऱ्या लिंकलाही हेच लागू. मात्र ‘लिंक’ हा शब्द लिंकमध्ये लिहू नका. पान वाचताना स्क्रीन रीडर तो स्वतःच म्हणतो आणि यादीत तर सगळ्या लिंकाच असतात.

आणि पाहा, नियम आता अर्जाच्या आधी आले. मूळ परिच्छेदात अर्ज पहिला होता आणि ‘त्यापूर्वी नियम वाचा’ अशी मागाहून सूचना होती. यादी पानाच्या क्रमाने येते, म्हणून लिंकांचा क्रम कामाच्या क्रमाशी जुळवला की यादीच कृतीच्या पायऱ्यांसारखी वाचली जाते. जॉजमध्ये कोणी अक्षरक्रम लावला तर हा लाभ जातो. त्यामुळे ‘पुढची पायरी’, ‘त्यानंतर’ असे फक्त क्रमावर टेकलेले शब्द लिंकमध्ये नकोत.

नियम काय म्हणतो

वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी या निकषांत लिंकबद्दल दोन वेगळ्या अटी आहेत आणि त्यांची गल्लत होते. २.४.४ ही अट ‘ए’ स्तराची, म्हणजे किमान पातळीची. तिच्यात लिंकचा हेतू लिंक आणि तिचा संदर्भ मिळून कळला तरी पुरते. संदर्भ म्हणजे तेच वाक्य, तोच परिच्छेद, यादीतला तोच मुद्दा. २.४.९ ही ‘एएए’ स्तराची अट मात्र नुसत्या लिंकच्या शब्दांतून हेतू कळावा असे म्हणते. म्हणजे आपला पहिला परिच्छेद ‘येथे क्लिक करा’सकट २.४.४मध्ये उत्तीर्ण होऊ शकतो, कारण वाक्यात सगळे आहे. चित्राच्या निनावी लिंका तेवढ्या नापास होतील. ‘आमचे पान निकषांत बसते’ आणि ‘आमची लिंकांची यादी वाचता येते’ ही दोन वेगळी विधाने आहेत. लेखकाने दुसरे धरून लिहावे. ते जमले की लिंकांच्या या दोन अटींपुरते पहिले आपसूक जमते.

स्वतः तपासताना

एनव्हीडीए लावून पान उघडा, `Insert + F7`, मग `Alt + K`, आणि पडद्याकडे न पाहता यादी वरून खाली ऐका. प्रत्येक नोंदीवर थांबून सांगा: ही उघडली तर काय येईल? जिथे पानावर डोकावण्याची इच्छा होते, ती लिंक दुरुस्तीची. एकसारख्या दोन नोंदी ऐकू आल्या, तर त्या एकाच ठिकाणी जातात का ते पाहा. जात असतील तर एक काढा. वेगळीकडे जात असतील तर दोन्ही वेगळ्या लिहा.

एखादी गोष्ट पानावर लिंकसारखी दिसते पण यादीत नाही, असेही आढळेल. ती बहुधा बटण असते, आणि मग ती बटणांच्या यादीत, `Alt + B`वर, सापडते. तिथेही नसेल, तर कोणीतरी साध्या मजकुरावर क्लिक बसवले आहे किंवा लिंकला `href`च नाही. हे शब्द बदलून सुटत नाही, पान बांधणाऱ्याकडे पाठवा.

स्क्रीन रीडर हाताशी नसेल तर ब्राउझरमध्ये `F12` दाबून ‘Console’ उघडा आणि हे चालवा:

```js
console.table([...document.links].map(a =>
  [a.innerText.trim(),
   a.getAttribute('aria-label'), a.href]))
```

क्रोम पहिल्यांदा चिकटवू देत नाही. तो सांगेल ते `allow pasting` हे शब्द टाइप केले की देतो. तक्त्यात ओळींच्या क्रमांकांचा रकाना सोडला, तर पहिल्या रकान्यात लिंकचे शब्द, दुसऱ्यात न दिसणारे नाव असल्यास ते, तिसऱ्यात पत्ता. या तक्त्याला मर्यादा आहेत. चित्राचा पर्यायी मजकूर आणि `aria-labelledby`ने जोडलेले नाव त्यात येत नाही, आणि पानावर लपवलेल्या लिंकाही त्यात दिसतात. म्हणून शब्दांचा रकाना रिकामा दिसला की लगेच चूक धरू नका, ती चित्राची लिंक असू शकते. तिच्यावर उजवे क्लिक करून ‘Inspect’ निवडा आणि ‘Accessibility’च्या भागात ‘Name’समोर काय आहे ते वाचा. तिथे जे लिहिलेले असेल, साधारण तेच यादीत ऐकू येते.